वॉटरप्रूफ फासलं तरी यवतेश्वरच्या घाटात डोळे का झोंबतात

"सनस्क्रीन डोळ्यात झोंबतं म्हणजे त्यातलं केमिकल डोळे खराब करतंय. घाम येणाऱ्यांनी वॉटरप्रूफ घ्या, ते जागचं हलत नाही. नाहीतर केमिकल-फ्री मिनरल घ्या, ते कुठेही फासा, कधीच झोंबत नाही. आणि डोळ्याजवळ तर सनस्क्रीन लावायचंच नसतं. सगळ्या रनर्सना पाठवा."

आमच्या सकाळच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर हे या महिन्यात तिसऱ्यांदा आलं, आणि दरवेळी खाली दहा अंगठे. म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही, पण हा त्रास दोन वर्षं काढलाय आणि ट्यूबमागचं बारीक अक्षर वाचायची खोड आहे.

पहिल्या मुद्द्याचं म्हणाल तर झोंबणं वेगळं आणि इजा वेगळी. बुबुळावरचा जो पारदर्शक पडदा असतो त्यात नसांची टोकं इतकी दाट असतात की शरीरात दुसरीकडे क्वचितच तशी सापडतील, आणि गालावर कसा मेलेल्या पेशींचा जाड थर असतो तसा तिथं काहीच नाही. त्यामुळे गालाला जे कळतही नाही ते डोळ्याला लगेच कळतं. कांदा चिरताना डोळे झोंबतात म्हणून कोणी कांदा सोडला नाही. सनस्क्रीनमधले एव्होबेन्झोन, ऑक्टोक्रायलीन असले ऊन अडवणारे फिल्टर तेलात विरघळणारे असतात, म्हणून पाण्याचा एक हबका मारून भागत नाही, बराच वेळ स्वच्छ पाण्यानं नीट धुवावं लागतं आणि चोळायचं नाही. लेन्स असेल तर हात धुऊन आधी ती काढायची. एवढं करूनही दुखणं राहिलं, धूसर दिसायला लागलं किंवा उजेड सहन होईना, तर मात्र डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, ग्रुपवर विचारत बसू नका.

आता वॉटरप्रूफ. इथंच सगळी गडबड आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. अमेरिकेच्या एफडीएने 2011 च्या नियमांत वॉटरप्रूफ आणि स्वेटप्रूफ हे दोन्ही शब्द लेबलवर लिहायला बंदी घातली, लिहायचं तर वॉटर रेझिस्टंट लिहा आणि 40 मिनिटं की 80 मिनिटं तेही सांगा असं केलं. आणि ती टेस्ट काय असते, तर माणसाच्या पाठीवर क्रीम लावतात, पाण्यात बसवतात, मग कातडीवर एसपीएफ किती उरला ते मोजतात. जे निघालं ते वाहून कुठं गेलं हे त्यात कोणी बघतच नाही आणि पाठीला डोळे नसतात राव. शिवाय पोहताना पाणी बाहेरून लागतं, घाम मात्र क्रीमच्या खालून येतो, थर आतून ढकलतो आणि उताराने घेऊन जातो. कपाळावरून उतार कुठं, तर सरळ भुवईत आणि तिथून डोळ्यात.

मला हे पटायला वेळ लागला. मी डोळ्याखालच्या भागालाच दोष देत होतो, तिथं कमी-कमी लावत गेलो, फरक शून्य. मग तीन रविवार साताऱ्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढताना साधा प्रयोग केला, टोपी मुद्दाम रोजचीच आणि घामपट्टी नाही. पहिल्या रविवारी नेहमीचं जेल पूर्ण चेहऱ्याला, अर्ध्या चढातच दोन्ही डोळे झोंबायला लागले. दुसऱ्या रविवारी तेच जेल फक्त गालाला, नाकाला आणि डोळ्याखाली, कपाळ कोरडं. घाम तेवढाच, डोळ्यात उतरलाही, मिठाचं किंचित चुरचुरलं पण डोळे उघडे ठेवून वरपर्यंत गेलो. म्हणजे नुसता घाम नव्हे आणि डोळ्याखालचं क्रीमही नव्हे. तिसऱ्या रविवारी कपाळाच्या उजव्या अर्ध्याला जेल, डाव्याला झिंकच्या मिनरल सनस्क्रीनची स्टिक. उजवा डोळा मिटून चढलो, डावा ठणठणीत. एकट्या माणसाचा प्रयोग आहे, पण तुमचा गुन्हेगार कोण हे कळायला ही डावी-उजवी युक्ती पुरते, फुकटात होते.

तेव्हापासून कपाळाला फक्त स्टिक लावतो. ती मेणावर बांधलेली असते म्हणून लोशनसारखी पटकन ओघळत नाही. भुवईच्या वर एक बोट जागा सोडायची आणि तिथून केसांपर्यंत प्रत्येक जागी चार वेळा मागं-पुढं फिरवायची, कारण एका फेरीत थर फारच पातळ बसतो, मग बोटाने थापून सारखं करायचं. बाकी चेहऱ्याला लोशन, खाली तेल किंवा चिकट मॉइश्चरायझर नाही कारण वरचं सगळं घसरतं. लावल्यावर वीस मिनिटं थांबून निघायचं. टोपी आतून टॉवेलच्या कापडाची पट्टी असलेली, ती घाम भुवईआधीच अडवते.

एक चोरवाट अजून राहिली. घाम आला की आपण हाताच्या मागच्या बाजूने कपाळ पुसतो, आणि त्या हाताला कोपरापर्यंत तेच लोशन फासलेलं असतं! म्हणजे चेहऱ्याला कितीही भारी सनस्क्रीन घ्या, डोळ्यात जातंय हातावरचं. खिशात सुती रुमाल ठेवा आणि टिपा, खाली ओढत पुसू नका. दोन तासांनी परत लावायचं तेव्हाही आधी टिपायचं, ओल्या घामावर लावलं तर ते बसतच नाही.

मिनरलवाल्या मुद्द्यात अर्धं खरं आहे म्हणून तो जास्त फसवतो. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड सहसा कमी झोंबतात, मी पण तेच वापरतो की. पण झिंक ऑक्साइड हेसुद्धा केमिकलच आहे, आणि ट्यूबमध्ये नुसतं झिंक नसतं, त्याला क्रीम बनवणारा बाकीचा माल असतो. सुगंध आणि अल्कोहोल असेल तर तेही झोंबतं. शिवाय पुढे मोठ्या अक्षरात मिनरल आणि मागे यादीत एव्होबेन्झोनही, असे मिक्स प्रकार दुकानात मिळतात. एव्होबेन्झोन यादीत ब्यूटिल मेथॉक्सीडायबेन्झॉइलमिथेन अशा लांबलचक नावाने येतं, ते दिसलं तर समजून जा. पाण्यासारख्या पातळ, लावताच सुकणाऱ्या जेलमध्ये बऱ्याचदा अल्कोहोल यादीत वरच असतं, माझं ते जेल तसलंच होतं. नवीन ट्यूब आणली की शर्यतीच्या दिवशी उघडू नका, आधी एखाद्या साध्या दिवशी लावून घाम काढून बघा.

राहिला शेवटचा. डोळ्याभोवतीची कातडी पातळ असते, ऊन तिलाही लागतं, आणि पापणीचा कॅन्सर होतो तो खालच्या पापणीला जास्त दिसतो. त्यामुळे तो भाग सोडून द्यायचा नाही, फक्त हद्द ठरवायची. डोळ्याखाली बोटाने चाचपलं की हाडाची कड लागते, तिथपर्यंत स्टिक थापायची, पापण्यांच्या केसांपर्यंत न्यायची नाही. वरच्या पापणीला मी काहीच लावत नाही, तिथं डोळ्याला बिलगून बसणारा यूव्ही 400 चा गॉगल आणि टोपीचा छज्जा. गॉगल नाकावरून घसरत असेल तर नाकाचं लोशन टिपून घ्या, नाहीतर तो वर सरकवताना तेच बोट डोळ्याच्या कोपऱ्यात जातं.