दर पंधरा सेकंदांनी एक माणूस

वस्तीचा उत्सव पार पडला की शेवटी आभारप्रदर्शन असतं आणि ते काम नेहमी त्यालाच मिळतं जो कामांच्या वाटपाच्या बैठकीला नसतो. यंदा तो मी होतो. हातात नावांची यादी आली. यादीतलं एक नाव राहिलं तर पुढचं वर्षभर जिन्यात नमस्कार मिळत नाही आणि सगळी नावं घेतली तर ऐकायला कोणी उरत नाही. मी दुसऱ्या नावावर असतानाच मांडवातल्या खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले. पाचव्या नावाला समोर फक्त खुर्च्या होत्या. मग ‘ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य केलं’ म्हणून मी मोकळा झालो. अप्रत्यक्ष सहकार्य म्हणजे जे आले नाहीत आणि त्यामुळे गर्दी कमी झाली ते, असा मी तरी अर्थ लावला.

पण मला खरोखर आभार मानायचे होते, म्हणून आता लिहून मानतो. इथे मला खालून कोणी ‘आटपा’ अशी खूण करू शकत नाही.

पहिले आभार जेवणाच्या रांगेचे. गेल्या वर्षी ही रांग ज्यांनी भोगली, त्यांना ती वेगळी सांगायला नको. मी तिच्यात उभा राहिलो तेव्हा भूक लागली होती. टेबलापर्यंत पोचलो तेव्हा भूक मेलेली होती आणि पुढच्या माणसाच्या घराचं बांधकाम, त्याचा जावई, जावयाची नोकरी, हे सगळं मला पाठ झालेलं होतं. दर काही मिनिटांनी कोणीतरी रिकामं ताट घेऊन उलट्या दिशेने यायचं आणि ‘मी आधी उभा होतो, फक्त चमचा राहिला’ म्हणत मध्ये घुसायचं. चमचा हा रांग मोडण्याचा सर्वमान्य परवाना आहे.

त्याच रांगेच्या बाजूला आमच्या समितीतल्या एक ताई भिंतीला टेकून घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. सगळ्यांना वाटलं, त्यांना घरी जायची घाई आहे. त्या प्रत्यक्षात माणसं मोजत होत्या. कोणी टेबलाशी किती वेळ रेंगाळतं, हे त्या बघतच नव्हत्या. टेबलाच्या शेवटच्या टोकाला भरलेलं ताट घेऊन माणूस किती वेळाने बाहेर पडतो, एवढंच बघत होत्या. दर पंधरा सेकंदांनी एक. म्हणजे मिनिटाला चार. जेवणारे तीनशे साठ. भागाकार कोणीही करावा: नव्वद मिनिटं. शेवटच्या माणसाने दीड तास उभं राहायचं हे कार्यक्रम ठरला तेव्हाच ठरलेलं होतं, वाढणाऱ्यांनी कितीही ‘चला, चला, पुढे चला’ केलं तरी.

पंधरा सेकंद लागत होते ते एकाच भांड्यापाशी. बाकीचे पदार्थ पळीभर ताटात पडत आणि माणूस पुढे सरके. पण एक पदार्थ तिथल्या तिथे गरम करून वाढला जात होता आणि गरम होईपर्यंत वाढणारा, घेणारा आणि मागची अख्खी रांग असे सगळे एकाच कढईत डोकावून बघत उभे राहत. त्याच्या पुढच्या टेबलावरची मंडळी हात बांधून रिकामी उभी. रांग तिच्यातल्या सगळ्यात मंद भांड्याच्या वेगाने चालते. इतर भांड्यांवर चार माणसं जास्तीची लावली तर ती चार माणसं तेवढी एकमेकांच्या पायात येतात. गेल्या वर्षी नेमकं तेच केलं होतं.

यंदा ताईंनी तीन गोष्टी केल्या आणि तिन्हींवर बैठकीत भांडण झालं. पहिली, टेबल भिंतीपासून ओढून मध्ये घेतलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी माणसं जातील. तशी दोन टेबलं, म्हणजे चार रांगा. यावर ‘भांडी दुप्पट लागतील’ असा आक्षेप आला. दर टेबलाला भांडी तेवढीच लागली, फक्त एकाच भांड्यात दोन बाजूंनी पळ्या आल्या. दुसरी, तो गरम पदार्थ रांगेतून उचलून पार दुसऱ्या कोपऱ्यात नेला. ज्याला हवा त्याने ताट भरल्यावर तिकडे जावं, वाट बघायची तर तिथे बघावी. ‘मुख्य पदार्थच कोपऱ्यात?’ म्हणून एक काका दोन बैठका रुसले होते. तिसरी गोष्ट सगळ्यात साधी: ताटं सुरुवातीला, पण चमचे आणि कागदी रुमाल टेबलाच्या शेवटी, आणि पाणी त्याहून लांब, वेगळ्या टेबलावर. पाणी रांगेतच ठेवलं की माणूस तिथेच पितो, पिताना मान वर करतो, मान वर केली की त्याला ओळखीचं कोणीतरी दिसतं आणि मागच्या पन्नास जणांचं जेवण थांबतं.

गरम पदार्थ गेल्यावर सगळ्यात मंद भांड्याला दहा सेकंद लागायला लागले. एका रांगेतून मिनिटाला सहा, चार रांगांतून चोवीस. तीनशे साठ माणसं पंधरा मिनिटांत. प्रत्यक्षात पंचवीस लागली, कारण गणितात गप्पा धरलेल्या नव्हत्या. तरीही दीड तासावरून पंचवीस मिनिटं म्हणजे माझ्या ऐकण्यातून आणखी एक जावई वाचला.

यातली मेख मला त्या दिवशीच कळली. रांग इतकी जोरात पळायला लागली की सगळ्यांना एकदम सोडलं असतं तर वीस मिनिटांच्या आत बहुतेक सगळ्यांच्या हातात भरलेली ताटं आली असती आणि बसायला खुर्च्या निम्म्याच. गेल्या वर्षी रांगच इतकी मंद होती की पुढचे जेवून उठेपर्यंत मागचे पोचत नसत, त्यामुळे खुर्च्या पुरत आहेत असा सगळ्यांचा समज होता. अडथळा एका जागेहून काढला की तो पुढच्या जागी जाऊन उभा राहतो. ताईंना हा अंदाज होता म्हणून त्यांनी आधी लहान मुलं आणि वयस्कर मंडळी सोडली आणि बाकीच्यांना स्टेजवरच्या शेवटच्या दोन कार्यक्रमांमध्ये थोडं थोडं करून. ज्यांना सोडलं नाही त्यांनी ते दोन कार्यक्रम अतिशय तन्मयतेने बघितले. आयुष्यात एवढ्या टाळ्या न मिळालेल्या कलाकारांनीही ताईंचे आभार मानायला हवेत.

दुसरे आभार आवाज सांभाळणाऱ्या पोराचे. याचं नाव यादीत नव्हतंच, कारण तो स्टेजवर दिसत नाही. माईक शिट्टी मारतो तेव्हा सगळी सभा मान वळवून त्याच्याकडे बघते, एवढीच त्याची प्रसिद्धी. शिट्टी का वाजते? माईकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो, तो परत माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो, आणि हे चक्र फिरत राहतं. म्हणून स्पीकर बोलणाऱ्याच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून हवेत आणि माईक त्यांच्या मागे. यंदा तसे ते होते. पण आमचे पाहुणे बोलता बोलता लोकांमध्ये मिसळायला म्हणून माईक घेऊन पायऱ्या उतरले आणि थेट स्पीकरसमोर जाऊन उभे राहिले. शिट्टी वाजली. वाजताक्षणी त्यांनी जे सगळे करतात तेच केलं: माईकची जाळी मुठीत गच्च धरली. त्याने शिट्टी वाढते. जाळीच्या आजूबाजूच्या फटींमधूनच माईकला समोरचा आवाज आणि मागचा आवाज यात फरक करता येतो. त्या झाकल्या की तो सगळीकडचं ऐकायला लागतो. पोराने एका हाताने आवाज खाली ओढला आणि दुसऱ्या हाताने पाहुण्यांना ‘मागे या’ अशी खूण केली. पाहुण्यांना वाटलं, तो अभिवादन करतोय. त्यांनी हात हलवून उत्तर दिलं आणि आणखी पुढे गेले.

याच पोराने मागच्या रांगांचा प्रश्नही सोडवला. मांडव लांब म्हणून मध्यावर आणखी दोन स्पीकर लावले होते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग. तारेतून मात्र तो लगेच पोचतो. त्यामुळे मागे बसलेल्यांना आधी जवळच्या स्पीकरमधून आणि मग स्टेजकडून असा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. अध्यक्षांचं भाषण दोनदा ऐकायची शिक्षा कोणालाही देऊ नये. पोराने मधल्या स्पीकरांचा आवाज मशीनवर तेवढ्याच वेळाने मागे खेचला आणि भाषण एकदाच झालं. यासाठी त्याचे वेगळे आभार.

वीज गेली नाही, याचेही आभार मानायचे आहेत, पण न झालेल्या गोष्टीचे आभार मानायला शब्द सापडत नाहीत. एवढंच सांगतो की तारेची रिळं कोणीतरी पूर्ण उलगडून ठेवली होती. गुंडाळलेल्या रिळावरून जड भार नेला की आतली तार तापते, वेटोळ्यातली उष्णता बाहेर जात नाही आणि वरचं प्लास्टिक वितळायला लागतं. उलगडलेली तार अंगणभर पसरते, लोक तिला अडखळतात आणि ‘ही गुंडाळता नाही आली का?’ असं विचारतात. ते विचारणारे बरेचसे समितीतलेच होते. शेवटी तिच्यावर पायपुसणी टाकून चिकटपट्टी मारली.

लहान मुलांच्या मनगटावर पालकांचा फोन नंबर पेनाने लिहिणाऱ्या दोन मुली, आणि पाट्या टेबलावर न ठेवता माणसांच्या डोक्यांच्या वर टांगणारा तो उंच मुलगा, यांचेही आभार. टेबलावरची पाटी गर्दी होईपर्यंतच दिसते आणि ती लागते गर्दीतच.

शेवटचे आभार खुर्च्या गोळा करणाऱ्यांचे. उत्सवाला येताना सगळे असतात, खुर्च्यांना कोणी नसतं. यंदा सात-आठ जण थांबले. खुर्च्या एकात एक घालून दहा-दहाची चळत लावली. त्याहून उंच केली की ती कलते आणि कललेली चळत शांतपणे पडत नाही. सगळी मोजणी झाली तेव्हा दोन खुर्च्या कमी भरल्या. मांडव दोनदा धुंडाळला, स्टेजखाली बॅटरी मारली, भाड्याने देणाऱ्याला फोन लावायची वेळ आली. मग त्या सापडल्या. फाटकाजवळ दोन आजोबा त्यांच्यावर बसून यंदाच्या व्यवस्थेत काय काय कमी होतं, याची यादी करत होते. तेव्हा ते अठराव्या मुद्द्यावर होते.