ट्रॅक्टर कुणाचा?

काल बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घरी ओवी खेळायला आली आणि अर्ध्या तासात माझ्या लेकीवर ‘आपमतलबी’ असा शिक्का बसला. लेक दोन वर्षांची. शिक्का मारणारे वरच्या मजल्यावरचे मामा सत्तरीचे, आणि त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं.

तयारी मी केली होती. मुक्ता ज्याला कवटाळून झोपते तो ससा आधीच कपाटात ठेवला, म्हणजे त्याच्यावरून रडारड नको. पण लाल ट्रॅक्टर बाहेर राहिला आणि दोघींना तोच हवा झाला. मुक्ताच्या हातात होता, म्हणून एवढंच म्हटलं, ‘तुझं झालं की ओवीला दे.’ मग ओवीजवळ जाऊन बसलो, कारण खरी मदत लागते ती वाट बघणारीला. ‘हवाय ना तुला? थांबायचा कंटाळा येतो,’ म्हणत तिच्यासोबत डबे रचू लागलो. मुक्ता मान वळवून बघत होती, कुणी हिसकावतंय का. ती भीती असेपर्यंत मूठ आवळलेलीच राहते. हळूहळू सैल होत होती.

तेवढ्यात मामा.

‘काय गा, भांडण?’

‘नाही मामा, पाळी चालू आहे.’

‘असं सोडलंस तर आपला सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलाय तसं पडून राहील की!’ असं म्हणून त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. ‘प्रत्येकीला पाच मिनिटं.’ जिला काल आणि उद्या एकच वाटतात, तिला पाच मिनिटं काय कळणार? मुक्ता घड्याळ चाटू लागली. मामांनी ते पुसलं, ट्रॅक्टर ओढून ओवीला दिला आणि बोट नाचवून म्हणाले, ‘चांगल्या मुली देतात!’

मुक्ताने टाहो फोडला. घाबरून ओवीनेही. ‘दिला की नाही बघ,’ मामा खूश.

मुक्ता दोन मिनिटांत उठली, ओवीकडे गेली, ट्रॅक्टर हिसकावला आणि बोट नाचवत म्हणाली, ‘चांगली मुली देते!’ सूरसुद्धा मामांचाच. मामा म्हणाले, ‘असलं शिकवता होय घरात?’

मला राग मुक्ताचा नाही आला. या वयात ‘माझं’ हा शब्द नुकता हाती लागलेला असतो. आपणहून देणं पुढे, तीन-चार वर्षांपासून कुठे जमू लागतं. राग याचा, की बाप मुलीला ओरडला नाही तर त्याला काही येत नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय.

ओवीच्या आईला निघायचं होतं, तेव्हा ‘झालं की दे’ला वेळ उरला नव्हता. म्हणून मोठ्याने दहा अंक मोजले: दहा झाले की गाडी दुसरीकडे. संपल्याचं कानाने कळतं, मिनिटांचं तसं नसतं. मुक्ता चारवरून थेट नऊवर जात होती, ती स्वतःची पाळी नसताना. तिसऱ्या फेरीला तिने ट्रॅक्टर आपणच ढकलला.

मामा जिन्यात कुणाला तरी सांगत होते, ‘मी दम दिला, म्हणून दिलं पोरीनं.’ पुढच्या रविवारीही येतो म्हणालेत.