आक्काची झाडं काढून घेतली आणि हातात पुस्तक दिलं

आज दिवसभर डोकं गरम आहे, म्हणून लिहिते.

काल आमच्या आक्काची साठीशांत झाली, आज कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरी पाहुण्यांना मटणाचं ताट होतं. जेवणं झाल्यावर तिच्या पोरानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, तिला जपानी म्हाताऱ्यांच्या जगण्याच्या हेतूवरचं ‘इकिगाई’ पुस्तक भेट दिलं आणि त्यातलं चार वर्तुळांचं चित्र उघडून पेन हातात दिलं. काय आवडतं, काय चांगलं जमतं, जगाला कशाची गरज आहे आणि पैसे कशाचे मिळतील. आक्कानं तीन वर्तुळं भरली. चौथ्यापाशी थांबली आणि हळूच मला विचारलं, “यात काय लिहू गं?”

आयुष्यभर घर सांभाळलेल्या बाईला साठीला विचारायचं, तुझ्या जगण्याचे पैसे कोण देईल?

हे चित्र मुळात जपानी म्हाताऱ्यांचं नाहीच. आंद्रेस झुझुनागा नावाच्या स्पॅनिश माणसानं जीवनाचा हेतू शोधायला असं वर्तुळांचं चित्र काढलं होतं. 2014 साली मार्क विन या ब्लॉग लिहिणाऱ्यानं त्याच्या मधोमध ‘इकिगाई’ शब्द लिहिला, आणि ते जगभर पसरलं. करिअर निवडणाऱ्या पोराला त्याचा उपयोग होईल. साठीच्या बाईला नाही. पुस्तक सगळंच वाईट आहे असं म्हणत नाही. जपानच्या ओकिनावातल्या ओगिमी गावातली म्हातारी माणसं रोज आपापल्या भाजीच्या वाफ्यात राबतात, हे त्यातच लिहिलंय. पण भाच्यानं तेवढं पान वाचलं नाही.

वाचलं असतं तर त्यानं आक्काची झाडं काढून घेतली नसती. गच्चीवर तिची जास्वंद, मोगरा, तगर आहे, बहुतेक जुन्या तेलाच्या डब्यांत. पहाटे उठून ती बादली घेऊन वर जायची, पाणी घालायची, फुलं काढायची आणि गल्लीतल्या चार घरांत देवासाठी पोचवायची. गेल्या महिन्यात भाच्यानं ठिबकच्या नळ्या टाकल्या, टायमर लावला. “आता आराम कर.” फुलं काढायलाही एक पोरगा ठेवला. आता तिला आराम आहे, आणि पहाटे उठायचं कारण गेलंय. आणि तोच भाचा हेतू शोधायचं पुस्तक देतोय!

अमेरिकेतले डॉक्टर अतुल गावंडे यांचं म्हातारपणावरचं ‘बीइंग मॉर्टल’ (2014) द्यायला हवं होतं. अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग त्यात आहे. सगळ्यांना एकेक रोपटं दिलं. अर्ध्यांनी स्वतः पाणी घालायचं, उरलेल्यांच्या रोपट्यांना कर्मचारी घालणार. ज्यांच्यावर रोपट्याची जबाबदारी होती ते पुढे जास्त हिंडते-फिरते आणि तरतरीत राहिले. प्रयोग लहान होता, मान्य. पण आक्काच्या गच्चीवर तेच चाललंय, उलट्या दिशेनं.

भाच्याची भीती खोटी नाही, हेही लिहायलाच हवं. जिना अरुंद आहे आणि त्याला कठडा नाही. गावंडे सांगतात, म्हातारपणी पडायचा धोका तीन गोष्टींनी वाढतो: तोल जाणं, चारपेक्षा जास्त औषधं चालू असणं आणि पायांतली ताकद कमी होणं. आक्काच्या गोळ्या तीनच आहेत. पायांचं आज मी बघितलं. खुर्ची भिंतीला टेकवली, तिला हात छातीवर घडी घालून बसवलं आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभी राहून बसते ते मोजलं. साठ ते चौसष्टच्या बाईला बारा तरी जमायला हवेत. आक्काला दहा जमले. त्याच्या आईचे पाय कमी पडतायत, हे पोराला दिसलं असेल. मघाशी मी त्याला जरा जास्तच बोलले.

पण पाय कमी पडतायत म्हणून जिना बंद केला तर ते आणखी कमी पडणार. तालमींच्या गावात हे समजावून सांगावं लागतंय! बैठका सोडल्या की पैलवानाच्याही मांड्या उतरतात. आक्कानं पहाटे खुर्चीवरून उठबस करायची, सुरुवातीला हाताचा आधार घेऊन, मग न घेता. एका पायावर उभं राहायचं ते ओट्याला धरून. पाय सुधारतायत का हे महिन्यानं तसंच मोजून कळेल. चक्कर येत असेल तर मात्र आधी डॉक्टर, आणि गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यायची.

त्याच पुस्तकात गावंडेंच्या आजोबांची गोष्ट आहे. आपल्या विदर्भातल्या उटी गावचे शेतकरी, एकशे दहाच्या जवळ जगले. रोज रात्री घोड्यावर बसून शेताला फेरी मारायचे. पोरांनी त्यांचा घोडा काढून घेतला नाही. लहान, शांत घोडा बघून दिला असेल, पण घोडा ठेवला.

तेव्हा, बाळा, तू हे वाचतोयसच. उद्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घे. पाणी वर न्यायला गच्चीवरच नळ काढ, म्हणजे बादली उचलायला नको. टायमर काढ. फुलं काढणाऱ्या पोराला दुसरं काम दे. आणि चौथ्या वर्तुळात काही लिहायचं नाही, हे आईला तूच सांग. मी सांगितलं तर तिला पटत नाही.