भाजणी गेली, कमळं राहिली

दसऱ्याला मावशीच्या फोनने 'जागा संपली' म्हटलं आणि तिने व्हॉट्सॲपवरचं जाऊबाईंचं अख्खं चॅट क्लिअर केलं. त्यात चकलीच्या भाजणीचं प्रमाण होतं, हे तिला आठवलं थेट दिवाळीच्या तोंडावर. घरातला कॉम्प्युटरवाला म्हणून मग माझी वरात निघाली.

"कंपनीकडे असेलच की!" मावशी म्हणाली. नसतं. मेसेज पोचला की व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवरून तो जातो. न पोचलेला जास्तीत जास्त ३० दिवस थांबतो, तोही कुलूपबंद. गूगलवरचा बॅकअप जागा भरल्यामुळे केव्हाच थांबला होता. फोन स्वतः रोज रात्री दोनच्या सुमारास एक प्रत काढतो खरा, पण साधारण शेवटच्या सात दिवसांच्याच ठेवतो. म्हणजे फोनमधल्या सगळ्या प्रती दसऱ्यानंतरच्या, भाजणी नसलेल्या. आठवड्याच्या आत हाक मारली असती, तर जुनी प्रत वापरून व्हॉट्सॲप पुन्हा बसवता आलं असतं. मधले मेसेज मात्र गेले असते.

मोबाईलच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "काकू, काही पुसलं जात नसतं, सॉफ्टवेअरने काढून देतो." हे अर्धसत्य फार महाग पडतं. मेसेज msgstore.db नावाच्या एका फाइलीत राहतात. पुसल्यावर तिथली जागा निव्वळ 'मोकळी' ठरते. वहीचं पान फाडायचं नाही, अनुक्रमणिकेतून खोडायचं, तसं. पण त्या पानावर पुढचे मेसेज लिहिले जातात, आणि मावशीच्या ग्रुपांचा वेग पाहता ते पान दुपारपर्यंतही कोरं राहिलं नसावं. शिवाय ती फाइल ॲपच्या खासगी कप्प्यात असते. तिथे शिरायला फोन रूट करावा लागतो, म्हणजे त्याचा पूर्ण ताबा घ्यावा लागतो, त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्रॅम, उघडावा लागतो, आणि तो उघडताना बहुतेक फोन स्वतःला धुऊन पुसून कोरे करून घेतात!

त्याच्या सॉफ्टवेअरने 'सापडले' म्हणून ढीगभर फोटो दाखवले आणि पुढचं पाहायला पैसे मागितले. ते फोटो गॅलरीत होतेच. चॅट पुसताना 'मीडियाही काढा'ची खूण मावशीने काढून टाकली होती. त्यामुळे WhatsApp Images या फोल्डरमध्ये जाऊबाईंचं प्रत्येक सुप्रभात, प्रत्येक कमळ, प्रत्येक उगवता सूर्य सुखरूप! नावं IMG-20251002-WA0007.jpg अशी, तारीख कळते, पाठवणारा कळत नाही. जागाही फारशी सुटली नव्हती, कारण ती अडवली होती कमळांनीच. नोटिफिकेशनचा इतिहास पाहिला, तर तो चालू असता तरी २४ तासांपुरताच.

उरली एकच प्रत: जाऊबाईंच्या फोनमधली. स्वतःच्या फोनमधलं चॅट क्लिअर केलं, तर समोरच्याचं जात नाही.

"मी मागणार नाही," मावशी म्हणाली. "तू माग. म्हण, मला करायच्यात चकल्या."

मी मेसेज केला. दोन मिनिटांत जाऊबाईंनी फॉरवर्ड केलं, आणि खाली लिहिलं: "तुझ्या मावशीला देऊ नकोस हं. तिला दिली होती, गेल्या वर्षी सगळ्या चकल्या तेलात विरघळल्या."