जुन्या पितळी भांड्यांचा फोटो बघून नाव सांगायचं असेल, तर आधी भोकं बघा

माळ्यावरून उतरवलेल्या पितळी भांड्यांचा फोटो समोर आला की पटापट उत्तरं येतात: "हा चकलीचा साचा", "हे मोदकपात्र", "ही विळी". माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या आकारावरून नाव सांगू नये. पीठ जिथून बाहेर पडतं, वाफ जिथून वर येते, खोबरं जिथे घासलं जातं, तो भाग फोटोत दिसला पाहिजे.

सर्वांत जास्त गोंधळ सोऱ्याचा. पितळी नळकांडं, दोन बाजूंना मुठी आणि आत शिरणारा दट्ट्या एवढंच दिसत असेल, तर त्याला "सोऱ्या" किंवा "साचा" म्हणून थांबावं. पुढचं नाव खालची चकती ठरवते. मधोमध एक चांदणीसारखं भोक असेल तर चकलीची. बारीक गोल भोकांची शेवेची, तीन-चार मोठ्या गोल भोकांची गाठींची, आणि लांबट चिरेची पापडीची. एकाच सोऱ्याला या सगळ्या चकत्या बसतात. म्हणून चकती हरवलेल्या सोऱ्याला "चकलीचा" म्हणणं हा अंदाज झाला, ओळख नाही.

आपल्या खान्देशात त्याला आणखी एक काम असतं, ते म्हणजे कुरडई. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा आणि वरचं पाणी ओतून टाकायचं. मग चीक मीठ घालून शिजवायचा आणि गरम असतानाच साच्यात भरायचा. गार झाला की तो घट्ट होतो, दट्ट्या पुढे सरकत नाही, आणि जोर लावला तर तार तुटक पडते. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडच्या संचात गोल भोकांची चकती दिसली, तर लगेच "शेवेची" म्हणून मोकळं होऊ नका. कुरडईची भोकंही गोलच असतात, फक्त बारीक शेवेपेक्षा मोठी. चकतीशेजारी काडेपेटीतली काडी ठेवून फोटो मागवा. तिची जाडी साधारण 2 मिलिमीटर असते, त्यावरून भोकाचं माप कळतं.

दट्ट्याही तपासायला सांगा. वाटण्या झाल्या की दोन साचे एकमेकांत मिसळतात. दट्ट्या नळकांड्यात सैल असेल तर दाबताना पीठ कडेनं वर चढतं आणि खाली तार येतच नाही. तसं होत असेल तर बहुधा जोडी दुसऱ्याच साच्याची आहे. मग दोन्ही एकाच फोटोत असले तरी त्यांना एक भांडं समजू नये.

दुसरी नेहमीची चूक पुरणयंत्राबाबत होते. तीन पायांवर उभं, भोकांच्या बुडाचं गोल भांडं दिसलं की लोक "वाफवायचं पात्र" म्हणतात. पण वाफवायच्या पात्राला खाली पाण्याचं भांडं लागतं, आणि चाळणी त्याच्या कडेवर टेकते. पाय कशाला? पाय असतात ते खाली ताट सरकवून पुरण झेलायला. मधोमध दांड्यासाठी जागा आणि भोकांवरून फिरणारं तिरकं पातं दिसलं, तर शंकाच उरत नाही. दांडा हरवला असेल तरी मधलं भोक राहतंच. आखाजीला खापरावरच्या पुरणपोळ्या करणाऱ्या घराच्या संचात ते असणं साहजिकच आहे.

मोदकपात्र मात्र पुष्कळदा संचात नसतंच. डाळीचे फुणके वाफवायला पातेल्यात पाणी, त्यावर चाळणी आणि वर झाकण एवढं पुरतं. म्हणून सुटी चाळणी बघून "मोदकपात्राचा उरलेला भाग" म्हणू नका. पातेल्याची आतली बाजू बघा. पाणी उकळून उकळून क्षारांचा पांढरट पट्टा बसलेला असेल आणि चाळणी त्या पातेल्याच्या कडेवर नीट टेकत असेल, तर ती वाफवायचीच जोडी.

विळीचं उत्तर तर तिच्या टोकावर असतं. टोक चपटं, गोलसर आणि दातेरी असेल तर ती खवणी, ओला नारळ खवायची. टोक साधं असेल तर ती नुसती चिरायची विळी. दाते झिजले की दुरून काढलेल्या फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून टोकाचा जवळून, समोरून फोटो मागा. आपल्याकडे रोजच्या भाजीत सुकं खोबरं असतं, भाजून वाटलेलं. किसायचं झालं तरी ते किसणीवर, कारण कडक वाटी खवणीच्या दात्यांवरून घसरते. त्यामुळे खान्देशी संचात साध्या टोकाची विळी दिसली तर "खवणी तुटली असेल" असा निष्कर्ष काढू नका.

भांड्यावर कोरलेलं नाव आणि साल असेल तर तेही वाचा, पण ते बहुधा देणाऱ्याचं आणि आहेराचं असतं. भांडं कुठे घडवलं, हे त्यावरून ठरत नाही. फोटो पाठवणाऱ्यांनी भांडी चिंचेनं घासण्याआधी एक फोटो जरूर काढावा. घासल्यावर क्षारांचा पट्टा आणि भोकात अडकलेलं जुनं पीठ निघून जातं, आणि नेमक्या त्याच खुणा आम्हाला हव्या असतात.