चिकटपट्टीवरचा सेल आणि गोल्डचा सेव्ह

वाचकाची प्रतिक्रिया: "टॅबवाला सेल, सोल्डरिंग, कशाला एवढा खटाटोप? खडेबाजारात घड्याळवाल्याकडे साधा सेल घेतला, चिकटपट्टीने दाबून बसवला. पोकेमॉन गोल्ड सेव्ह होतोय. उगाच लोकांना घाबरवू नका."

पोकेमॉन गोल्ड या गेमबॉय गेमच्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह जपायला एक छोटा सेल असतो; तो बदलण्याबद्दलची ही प्रतिक्रिया. सेव्ह होतोय हे खरं, पण गेम चालू असताना सेव्हच्या चिपला वीज गेमबॉयकडून मिळते. सेलचं काम गेमबॉय बंद केल्यावर सुरू होतं. त्यामुळे खेळताना सगळं ठीक दिसतं. आज सेव्ह करा, कार्ट्रिज काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी 'कंटिन्यू' येतंय का बघा की. आलं तरी पट्टीचा भरवसा नाही. तिचा गोंद हळूहळू सरकतो, आणि खानापूरकडच्या पावसाळी दमट हवेत सेलला टेकणाऱ्या पत्रीवर मळी धरते. कार्ट्रिज खिशातून नेताना पत्री सेलवरून सुटली की चिपची वीज तुटते आणि सेव्ह पुसला जातो.

गोल्डला सीआर२०२५ लागतो, तोही दोन्ही बाजूंना पत्र्या वेल्ड केलेला. साध्या सेलवर थेट डाग देऊ नका. सेलचा पत्रा उष्णता ओढून घेतो, म्हणून सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवावं लागतं. आत सील वितळून सेल गळतो, कधी फुटतोही. सीआर२०३२ जास्त टिकतो, पण त्याची जाडी 3.2 मिमी, २०२५ची 2.5. कवच घट्ट बसू शकतं. रिचार्जेबल सेल तर नकोच; कार्ट्रिज तो चार्ज करत नाही.

जुना सेव्ह अजून शाबूत असेल तर कार्ट्रिज रीडरने आधी `.sav` फाइल कॉम्प्युटरवर घ्या. सेल निघाला की सेव्ह गेलाच.

मग 3.8 मिमी गेमबिट स्क्रूड्रायव्हरने मागचा एक स्क्रू काढा. कवचाचा पुढचा भाग खाली सरकवून उचलला की बोर्ड दिसतो. बोर्डवरची अधिक-उण्याची खूण आणि जुन्या सेलची बाजू, दोन्हींचा फोटो काढा. जुन्या डागावर थोडं नवं सोल्डर द्या, म्हणजे तो लवकर वितळतो. वितळल्यावरच पत्री चिमट्याने अलगद उचला. जोर लावलात तर तांब्याचा पॅडच उखडून येतो, आणि मग तार जोडत बसावं लागतं. नव्या पत्रीला डाग द्यायला 350 अंशांवर दोन-तीन सेकंद पुरतात.

कवच लावण्याआधी मीटरने दोन्ही पत्र्यांमध्ये व्होल्टेज मोजा. तीनच्या आसपास हवं. शून्याजवळ दिसलं तर डाग कुठेतरी दुसऱ्या पायाला चिकटलाय. तसंच बंद केलंत तर सेल लगेच उतरेल. मीटरची लाल तार बोर्डवरच्या अधिक खुणेच्या पत्रीला लावा; ध्रुव उलटे लागले असतील तर आकड्यापुढे उणे चिन्ह येतं.

गोल्डमध्ये घड्याळही त्याच सेलवर चालतं, म्हणून रेड-ब्लूपेक्षा त्याचा सेल लवकर संपतो. नव्या सेलनंतर वेळ पुन्हा लावावी लागेल.