लोगो काढला की स्वेटरला लपायला जागा उरत नाही

'क्वाएट लक्झरी', म्हणजे लोगो न मिरवणारे साधे पण महागडे कपडे, म्हणून सध्या जे काही बेज रंगाचं विकलं जातंय, त्यातलं निम्मं तरी नुसतंच 'क्वाएट' आहे. छातीवर मोठं नाव असलं की नजर नावावर जाते. ते काढलं की ती कापडावर आणि शिवणीवर येते, आणि तिथेच खरंखोटं कळतं.

बेज कॅश्मिअरचा साधा गोल गळ्याचा स्वेटर घ्या. कॅश्मिअर ही शेळीच्या अंगावरची आतली मऊ लोकर. साफ केल्यावर एका शेळीची वर्षाला साधारण 150 ते 200 ग्रॅमच हाती लागते, म्हणजे एका स्वेटरला दोन-तीन शेळ्या तरी लागतात. चांगला तंतू साधारण 15 मायक्रॉन जाडीचा असतो. पण नुसता बारीकपणा पुरत नाही, तंतू लांबही हवा. आखूड तंतूंची टोकं धाग्यातून सुटतात, एकमेकांत गुंततात आणि बगलेखाली, मनगटाशी गोळे धरतात.

आता दुकानातली फसगत. हात लावताच लोण्यासारखा लागतो तोच उत्तम, असं आपल्याला वाटतं. पण विणल्यावर जास्त धुऊन तंतू मुद्दाम फुलवता येतात. तो मऊपणा दुकानापुरताच, दोन-चारदा घातला की गोळे दिसू लागतात. तळहाताने थोडा वेळ घासून बघा. लगेच केस सुटायला लागले तर ठेवून द्या. मग कड हलकेच ताणून सोडा, ती जागेवर परत यायला हवी. उजेडासमोर धरल्यावर विणीतून पलीकडचं फार दिसत असेल, तर धाग्यात काटकसर केलेली आहे.

त्यानंतर स्वेटर उलटा करून मुंढा बघा. चांगल्या स्वेटरचे भाग टाके कमी-जास्त करत हव्या त्या आकारातच विणतात. मुंढ्याजवळ त्या घटवलेल्या टाक्यांची तिरकी रांग दिसते. स्वस्त मालात मोठं विणलेलं कापड कात्रीने कापून ओव्हरलॉक मारतात, म्हणून शिवण जाड होते आणि खांद्यावर टोचते. माझ्या मते लेबलपेक्षा ही रांग जास्त बोलते.

रंगाचंही तसंच. फिका रंग काही लपवत नाही. अ‍ॅक्रिलिकचा बेज बऱ्याचदा सपाट दिसतो किंवा उगाच चमकतो. लोकरीच्या दोन-तीन छटा कातण्याआधीच मिसळल्या असतील, तर जवळून त्याच बेजमध्ये खोली दिसते. (गंमत म्हणजे याच शैलीसाठी ओळखले जाणारे इटालियन डिझायनर ब्रुनेल्लो कुचिनेल्ली यांनी 1978 मध्ये सुरुवात केली ती रंगीत कॅश्मिअर स्वेटरांनी!)

आणि लोगो नाही म्हणजे ओळख नाही, असंही नाही. लोरो पियाना या इटालियन ब्रँडचे पांढऱ्या तळव्याचे लोफर जाणकार लांबूनही ओळखतात. म्हणून 'दिखावा नको म्हणून हे घेतो' हे मला फारसं पटत नाही. दिखावा आहेच, फक्त बघणारे मोजके आहेत.

मुंबईत हा स्वेटर घालायचा कधी, हा प्रश्न रास्त आहे. पण लंडन-न्यू जर्सीतल्या मंडळींनी सेलमध्ये पैसे मोजण्याआधी तो एकदा उलटा करून बघाच.